स्कॅन टू फोल्डर कधी जातं, कधी जात नाही. पासवर्ड बरोबर असूनही पीसी नाकारतो

पेठेतली_मृण्मयी | सोमवार, सकाळी ११:४०

नमस्कार मंडळी. सदाशिव पेठेत सीएचं ऑफिस आहे, तिथलं सगळं बाहेरचं-आतलं मी बघते. आम्ही नऊ जण आणि एकच मोठं कॉपियर. त्यावर प्रत्येकाच्या नावाचं बटण आहे. आपलं बटण दाबून कागद घातला की स्कॅन मधल्या पीसीवरच्या `SCAN` फोल्डरमध्ये, आपापल्या नावाच्या कप्प्यात जाऊन पडतं.

गेल्या बुधवारी तो मधला पीसी बदलला. नवा विंडोज ११ प्रो आहे. पीसीचं नाव, आयपी, फोल्डरचं नाव सगळं जुन्यासारखंच ठेवलं. कॉपियर ज्या नावाने आत शिरतं तो `scan` नावाचा युजरसुद्धा पुन्हा बनवला. फक्त पासवर्ड नवा द्यावा लागला, कारण जुना काय होता हे ऑफिसात कुणालाच आठवत नव्हतं. मग मी मशीनच्या अॅड्रेस बुकात जाऊन माझ्या नावाखाली नवा पासवर्ड घातला, एक पान स्कॅन केलं, आणि ते गेलं.

शुक्रवारपासून हे सुरू झालंय:

```
Authentication with the destination has failed. Check settings.
```

विचित्र गोष्ट अशी की नेहमी येत नाही. सकाळी पहिलं स्कॅन हमखास जातं. जेवणाच्या सुट्टीनंतर एकदोन जातात. मग बंद. पासवर्ड मी चार वेळा पुन्हा घातला, एकेक अक्षर कागदावरून बघून. बाकीच्यांची बटणं तर चालतच नाहीत, पण ती नंतर बघू, आधी माझं एक तरी धड चालू दे.

सर्व्हिसवाले म्हणतात मशीन ठीक आहे, पीसी बघा. पीसीवाले म्हणतात फोल्डर शेअर आहे, मशीन बघा. रिटर्नचा हंगाम आहे, लोक पेनड्राइव्ह घेऊन मशीनसमोर रांगेत उभे आहेत. कुणी सांगेल का नक्की कुठे बघायचं?

---

सागर_हडपसर | सोमवार, दुपारी १२:०५

ताई, हा एकदम कॉमन प्रॉब्लेम आहे. नवीन विंडोजमध्ये एसएमबी १ बंद असतं आणि कॉपियरला तेच लागतं. कंट्रोल पॅनेलमध्ये विंडोज फीचर्स उघडा, SMB 1.0 ला टिक करा, रीस्टार्ट. मग `Password protected sharing` बंद करा आणि फोल्डरला `Everyone` फुल कंट्रोल द्या. पासवर्डची भानगडच संपली. मी आमच्या वर्कशॉपमध्ये दोन मशीनला हेच केलंय, दोन वर्षं झाली, चालतंय.

---

दिगंबर_एस | सोमवार, दुपारी १२:३०

आमच्याकडे हेच झालं होतं! स्कॅन जात नव्हतं, पासवर्ड चुकीचा सांगत होतं. गूगलने साधा पासवर्ड घेणं बंद केलंय. अकाउंटला टू-स्टेप चालू करायचं, मग अॅप पासवर्ड म्हणून सोळा अक्षरी पासवर्ड मिळतो, तो मशीनमध्ये घालायचा. लगेच चालू होईल.

---

पेठेतली_मृण्मयी | सोमवार, दुपारी १२:५०

दिगंबरजी, धन्यवाद, पण तुमचं मशीन स्कॅन मेलने पाठवतं. आमचं मेलवर जात नाही, ऑफिसातल्याच पीसीच्या फोल्डरमध्ये जातं. त्यात गूगल कुठे येत नाही.

सागर, एक शंका. एसएमबी १ नसल्यामुळे अडत असेल तर सकाळचं पहिलं स्कॅन कसं जातं?

आणि `Everyone` ला फोल्डर उघडा करणं मला जमणार नाही. त्या फोल्डरमध्ये लोकांचे पॅन, आधार, बँकेची स्टेटमेंट येतात.

---

अनंतकाका_निगडी | सोमवार, दुपारी २:१५

मृण्मयीताई, तुम्ही सागरला विचारलेला प्रश्नच बरोबर आहे. मी भोसरीच्या कारखान्यांमध्ये नेटवर्कची कामं बरीच वर्षं केली, त्यावरून सांगतो.

कॉपियर आणि पीसी यांचं आधी ठरतं की बोलायचं कुठल्या भाषेत. एसएमबी १, २ की ३, ते इथे ठरतं. ते जमलं की मग नाव आणि पासवर्ड विचारला जातो. तो पटला की मग फोल्डरमध्ये लिहायची परवानगी आहे का ते बघितलं जातं. भाषाच जुळत नसेल तर पासवर्डपर्यंत गोष्ट पोचतच नाही, आणि तसं असतं तर तुमचं एकही स्कॅन कधीच गेलं नसतं. तुमचं रोज सकाळी जातंय, म्हणजे भाषा जुळते. एसएमबी १ ला हात लावू नका. `Everyone` चं तुम्ही नाही म्हणालात ते योग्यच केलंत.

मशीनच्या पडद्यावर काय येतं त्यावर फार विसंबू नका. पासवर्ड चुकला, खातं लॉक झालं, मुदत संपली, युजरच नाही, या सगळ्याला बरीच मशीनं तेच एक वाक्य दाखवतात. खरं कारण पीसीकडे लिहिलेलं असतं, कारण नाही म्हणणारा तो आहे.

मधल्या पीसीवर कमांड प्रॉम्प्ट अॅडमिन म्हणून उघडा आणि आधी हे द्या. नाकारलेल्या लॉगिनची नोंद ठेवायला सांगण्यासाठी आहे, काही पीसीवर ती बंद असते:

```
auditpol /set /subcategory:"Logon","Account Lockout" /failure:enable
```

मग स्कॅन करा, नाकारू द्या. नंतर इव्हेंट व्ह्यूअर उघडून `Windows Logs` खाली `Security` मध्ये 4625 नंबरची नोंद शोधा. त्यात `Account Name`, `Failure Reason`, `Status`, `Sub Status` आणि `Source Network Address` या पाच ओळी इथे टाका. तुमचा पासवर्ड त्यात कुठे दिसत नाही, काळजी नको.

---

वैशाली_कोथरूड | सोमवार, दुपारी ३:००

काका, मध्येच विचारते, क्षमा असावी. आमच्या सोसायटीच्या ऑफिसात सेकंडहँड कॉपियर घेतलंय आणि स्कॅन माझ्या लॅपटॉपवर यायला हवंय. लॅपटॉप उघडताना मी जो चार आकडी नंबर घालते तोच मशीनमध्ये पासवर्ड म्हणून घातला, तर नाही म्हणतं. तो तर शंभर टक्के बरोबर आहे!

---

अनंतकाका_निगडी | सोमवार, दुपारी ३:२०

वैशालीताई, तो नंबर म्हणजे पिन. पिन फक्त त्या लॅपटॉपसमोर बसलेल्या माणसासाठी असतो. नेटवर्कवरून येणाऱ्याला विंडोज पिनवर आत घेत नाही, त्याला खात्याचा खरा पासवर्डच लागतो. आणि तुमचं खातं ईमेलवालं असेल तर त्याचा पासवर्ड कॉपियरमध्ये ठेवणं म्हणजे तुमच्या मेलची किल्ली सोसायटीच्या ऑफिसात टांगून ठेवणं.

फक्त स्कॅनसाठी एक वेगळा लोकल युजर करा. अॅडमिन प्रॉम्प्टमध्ये:

```
net user scan * /add
```

पासवर्ड दोनदा विचारेल. मग फोल्डरवर या युजरला दोन ठिकाणी परवानगी द्या. शेअरिंगमध्ये `Change` आणि सिक्युरिटी टॅबमध्ये `Modify`. एकाच ठिकाणी दिली तर लॉगिन होतं पण फाइल लिहिली जात नाही.

---

पेठेतली_मृण्मयी | सोमवार, संध्याकाळी ५:१०

काका, नोंद मिळाली. आत्ताच्या माझ्या स्कॅनची ही:

```
Account Name:            scan
Failure Reason:          Account locked out.
Status:                  0xC0000234
Sub Status:              0x0
Source Network Address:  192.168.1.60
```

192.168.1.60 हा आमच्या कॉपियरचाच आयपी आहे. पण खातं लॉक कुणी केलं? मी पासवर्ड बरोबरच घालतेय. `scan` हा युजर दुसरं कुणी वापरतही नाही.

---

अनंतकाका_निगडी | सोमवार, संध्याकाळी ५:२५

सापडायला आलंय. याच नोंदींच्या यादीत खाली, म्हणजे आधीच्या वेळच्या 4625 बघा. त्यांतल्या काहींत `Status` 0xC000006D आणि `Sub Status` 0xC000006A असेल. त्याचा अर्थ नाव बरोबर, पासवर्ड चूक. त्या कुठल्या वेळच्या आहेत आणि त्या वेळी मशीनवर कोण होतं, एवढं आठवून सांगा.

शिवाय हे देऊन काय येतं तेही बघा:

```
net accounts
```

---

पेठेतली_मृण्मयी | सोमवार, संध्याकाळी ६:०५

काका, लॉगिनची नोंद मी दोन-अडीचच्या सुमारास चालू केली, त्यामुळे तिथून पुढचंच दिसतंय. पण तेवढ्यातही बरंच आहे.

३:५२ ला एक चुकीच्या पासवर्डची. मग ३:५७, ४:०२, ४:०७. बरोबर पाचपाच मिनिटांनी. ३:५५ पासून आणखी एक अशीच माळ, आणि ३:५९ पासून तिसरी. सगळ्यांत नाव `scan`, सगळ्यांत आयपी कॉपियरचा. नेमकी दहावी नोंद ४:०९ ची आहे. त्यानंतरच्या सगळ्या नोंदी लॉकच्या. मी विचारलं तर त्या वेळी आमच्या तीन आर्टिकल मुलांनी आपापलं बटण एकेकदाच दाबून बघितलं होतं, चालतं का म्हणून. नाही चाललं म्हणून ते परत जागेवर गेले. मग पाचपाच मिनिटांनी कोण दाबत होतं?

`net accounts` मध्ये `Lockout threshold` 10, `Lockout duration` 10, `Lockout observation window` 10.

---

कॉपियरवाला_तुषार | सोमवार, संध्याकाळी ६:४०

कोणी दाबत नव्हतं ताई, मशीन स्वतःच दाबत होतं. मी कॉपियरच्या सर्व्हिसमध्ये आहे म्हणून सांगतो. न गेलेलं स्कॅन मशीन लगेच टाकून देत नाही, मेमरीत ठेवून पुन्हा पुन्हा पाठवून बघतं. किती वेळा आणि किती अंतराने हे सेटिंगमध्ये असतं. तुमचं पाच मिनिटांवर लावलेलं दिसतंय. माणूस निघून गेला तरी मशीनचं चालूच.

दुसरी गोष्ट. अॅड्रेस बुकातलं प्रत्येक बटण ही स्वतंत्र नोंद असते. फोल्डरचा पत्ता, नाव, पासवर्ड, सगळं त्या बटणाच्या पोटात. एका बटणाचा पासवर्ड बदलला म्हणून बाकीचे बदलत नाहीत. काही मशीनमध्ये सगळ्यांसाठी एकच लॉगिन ठेवायची सोय असते, पण बटण बनवताना बहुतेक वेळा प्रत्येकात वेगळं भरलेलं सापडतं. तुमच्याकडे एक बटण नव्या पासवर्डचं आणि आठ जुन्या पासवर्डची आहेत.

---

अनंतकाका_निगडी | सोमवार, संध्याकाळी ७:००

तुषारने अर्धं काम केलं. आता हिशोब बघा.

तीन मुलांनी एकेकदा बटण दाबलं. मशीनने प्रत्येकाचं पहिल्यांदा आणि मग आणखी तीनदा पाठवून बघितलं, म्हणजे प्रत्येकी चार. तीन चोक बारा. पीसीची मर्यादा दहाची. दहावा चुकीचा पासवर्ड आला की `scan` हे खातं दहा मिनिटांसाठी बंद. मोजणी शून्यावर यायला दहा मिनिटं शांतता लागते, पण मशीन दर पाच मिनिटांनी दार वाजवत असल्यामुळे ती शांतता मिळतच नाही.

आणि खातं एकच. मुलांच्या बटणांनीही तेच `scan`, तुमच्या बटणानेही तेच. म्हणून चूक त्यांच्या बटणात आणि दार तुमच्यासाठी बंद. सकाळी आणि जेवणाच्या सुट्टीनंतर जातं, कारण तेव्हा मशीन बराच वेळ रिकामं असतं, लॉक सुटलेलं असतं आणि मोजणी शून्यावर आलेली असते.

ताई, पहिल्या पोस्टमध्ये तुम्ही लिहिलंत की बाकीची बटणं नंतर बघू. तुमचं बटण पहिल्यापासून ठीक होतं. बिघाड त्या आठ बटणांत आहे.

जुन्या पीसीवर हे कधी झालं नाही त्याचंही कारण आहे. ही दहाची मर्यादा ऑक्टोबर २०२२ नंतर नव्याने बसवलेल्या विंडोज ११ वर आपोआप लागू असते. त्याआधीच्या पीसीवर कुणी मुद्दाम लावली नसेल तर नसायची. तिथे चुकीचा पासवर्ड हजार वेळा आला तरी बरोबरवाला आत जायचा.

---

सागर_हडपसर | सोमवार, संध्याकाळी ७:३०

मग ती मर्यादाच काढून टाका ना. `net accounts /lockoutthreshold:0` आणि झालं. एका ओळीचं काम.

---

अनंतकाका_निगडी | सोमवार, संध्याकाळी ७:५०

सागर, त्याने मृण्मयीताईंचं बटण आज चालेल हे खरं. पण आठ बटणं तशीच बंद राहतील, आणि पासवर्ड ओळखून बघणाऱ्यासाठी त्या पीसीवर काही अटकाव उरणार नाही. लोकांचे आधार जिथे पडतात तिथे मी हे करणार नाही. अगदी हंगामात अडलं तर एका दिवसापुरतं करावं, पण मग परत लावायची आठवण ठेवायला हवी, आणि ती कोणी ठेवत नाही हा माझा अनुभव आहे.

---

सागर_हडपसर | सोमवार, रात्री ८:१०

मान्य. पण माझ्याकडच्या दोन मशीनचं खरंच एसएमबी १ चं होतं. तिथे कधीच एकही स्कॅन गेलं नव्हतं.

---

अनंतकाका_निगडी | सोमवार, रात्री ८:२०

असणारच. जुनं मशीन असेल तर ते कारण खरं असतं. ओळखायची खूण हीच की स्कॅन नाकारलं तरी पीसीवर त्या मशीनच्या आयपीची 4625 नोंद होत नाही. इथे नोंदींचा ढीग आहे.

---

कॉपियरवाला_तुषार | सोमवार, रात्री ९:००

मृण्मयीताई, उद्या सकाळी या क्रमाने करा, नाहीतर पुन्हा लॉक होऊन बसेल. आधी मशीनवर अडकलेली, पाठवायची राहिलेली स्कॅन रद्द करा. स्कॅन केलेल्या फाइल्सच्या स्थितीचं पान असतं, तिथे दिसतील. ती तशीच ठेवलीत तर तुम्ही पासवर्ड बदलत असताना जुन्या पासवर्डने दार वाजवत राहतील. मग पीसीवर लॉक सोडवा:

```
net user scan /active:yes
```

मग आठही बटणं. पॅनेलवर टाइप करण्यापेक्षा पीसीच्या ब्राउझरमधून मशीनचा आयपी उघडून केलेलं बरं. पॅनेलवर मोठी लिपी चालू राहिलेली लक्षात येत नाही आणि ठिपक्यांमागे काय टाइप झालं ते दिसत नाही.

---

पेठेतली_मृण्मयी | मंगळवार, सकाळी ११:२०

तुषार आणि काका, मनापासून आभार. सकाळी नऊला येऊन बसले. सात स्कॅन अडकलेली होती, ती काढली. लॉक सोडवलं. ब्राउझरमधून आठही बटणांना नवा पासवर्ड दिला. सहा चालू झाली!

दोन मात्र अजून नाही म्हणतात. 4625 मध्ये पुन्हा 0xC000006A. मी त्या दोन बटणांना बाकीच्या सहांसारखाच पासवर्ड दिला आहे. त्यांत मी एक जास्तीची गोष्ट केली ती एवढीच की नावं नीट लिहिली, आधी स्पेलिंग चुकलं होतं. याचा काही संबंध?

---

कॉपियरवाला_तुषार | मंगळवार, सकाळी ११:४५

आहे, नक्की आहे. नाव दुरुस्त करायला तुम्ही ते बटण पासवर्ड भरून झाल्यावर पुन्हा उघडलंत का? मशीनच्या पानावर अॅडमिन म्हणून शिरताना ब्राउझरने तो पासवर्ड लक्षात ठेवू का विचारलं असेल आणि तुम्ही हो म्हणाला असाल. मग त्याच पत्त्यावर पुढे जिथे पासवर्डची चौकट दिसते तिथे ब्राउझर स्वतःहून अॅडमिनचा पासवर्ड भरतो. तुम्ही फक्त नाव बदलून सेव्ह दाबलंत, आणि त्याबरोबर फोल्डरच्या जागी मशीनचा अॅडमिन पासवर्ड जाऊन बसला. दिसायला दोन्हीकडे ठिपकेच.

ब्राउझरच्या प्रायव्हेट खिडकीतून उघडा आणि ती दोन बटणं पुन्हा भरा.

---

पेठेतली_मृण्मयी | मंगळवार, दुपारी १२:३०

अगदी हेच होतं! प्रायव्हेट खिडकीत उघडलं, भरलं, दोन्ही चालू. नीट बघितलं तर साध्या खिडकीत ती चौकट फिकट निळी दिसत होती, बाकीच्या चौकटी पांढऱ्या. काल रात्री कुणी सांगितलं असतं तरी माझा विश्वास बसला नसता.

एक बटण सोडून गेलेल्या आर्टिकलचं निघालं. ते आता काढून टाकलंय.

---

अनंतकाका_निगडी | मंगळवार, दुपारी १:१५

उत्तम. आता एकच काम करा आणि मग मशीनपासून उठा. `scan` हा युजर तुम्ही कमांडने बनवलात की सेटिंगच्या पडद्यांवरून?

```
net user scan
```

त्यात `Password expires` या ओळीसमोर काय आहे?

---

पेठेतली_मृण्मयी | मंगळवार, दुपारी १:३०

पीसीवाल्या मुलाने काळ्या खिडकीतून बनवला होता. तिथे एक तारीख आहे. बनवल्यापासून मोजली तर बरोबर ४२ दिवसांनंतरची.

---

अनंतकाका_निगडी | मंगळवार, दुपारी १:४०

त्या दिवशी सगळी बटणं एकदम बंद पडली असती, पासवर्ड कुणी बदललेला नसताना. कमांडने बनवलेल्या लोकल युजरच्या पासवर्डची मुदत मुळात ४२ दिवसांची असते. माणूस असेल तर त्याला पडद्यावर नवा पासवर्ड मागितला जातो, कॉपियरला कोण विचारणार? पॉवरशेल अॅडमिन म्हणून उघडून हे द्या:

```
Set-LocalUser -Name scan -PasswordNeverExpires $true
```

मग `net user scan` पुन्हा बघा, तारखेच्या जागी `Never` दिसायला हवं. कायमचा पासवर्ड ठेवतोय म्हणून तो लांब असू द्या आणि या युजरला `SCAN` फोल्डरशिवाय दुसरीकडे कुठेही परवानगी नको.

---

पेठेतली_मृण्मयी | मंगळवार, दुपारी १:५५

`Never` आलं. परवानगी फक्त `SCAN` वरच आहे, तपासलं. नवा पासवर्ड आणि आठ बटणांची यादी कागदावर लिहून सरांच्या कपाटातल्या फायलीत लावली, म्हणजे पुढच्या वेळी पीसी बदलणाऱ्याला सगळी बटणं बदलायची हे कळेल.

---

वैशाली_कोथरूड | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

काका, मी तुम्ही सांगितल्याप्रमाणे वेगळा युजर केला, दोन्हीकडे परवानगी दिली. सेक्रेटरींच्या लॅपटॉपवरून हे करून बघितलं आणि तिथून फोल्डर उघडला:

```
net use \\VAISHALI-PC\SCAN /user:VAISHALI-PC\scan *
```

कॉपियरवरून मात्र नाही. आता संदेशही बदलला, जोडता येत नाही असं म्हणतं. नोंद चालू करून 4625 शोधलं, कॉपियरच्या आयपीची एकही नाही. यशस्वी लॉगिनचीही नाही.

---

अनंतकाका_निगडी | मंगळवार, संध्याकाळी ७:१०

मग तुमचं दुखणं मृण्मयीताईंचं नाही, सागरने सांगितलेलं आहे. पासवर्ड दुसऱ्या लॅपटॉपवरून चालला, म्हणजे युजर आणि परवानगी ठीक. कॉपियर पासवर्डपर्यंत पोचतच नाही. पत्ता आणि आयपी एकदा तपासा. ते बरोबर असतील तर मशीन फक्त एसएमबी १ बोलतं अशी दाट शक्यता आहे.

---

सागर_हडपसर | मंगळवार, संध्याकाळी ७:२५

तर मग करा ना चालू! सोसायटीकडे नवीन मशीनला पैसे नसतात. आमच्याकडे चालतंय.

---

अनंतकाका_निगडी | मंगळवार, संध्याकाळी ७:४०

२०१७ च्या मे महिन्यात वॅनाक्राय व्हायरस पसरला तो एसएमबी १ च्याच भोकातून. ते भोक बुजवलं गेलं हे खरं, पण ती भाषा जुनी आहे आणि मायक्रोसॉफ्टने ती विंडोजमधून मुळातच वगळायला सुरुवात केली ती काही उगाच नाही. वैशालीताईंचा हा स्वतःचा लॅपटॉप आहे, घरीही जातो, बाहेरच्या वायफायला जोडला जातो. त्यावर नको.

---

सागर_हडपसर | मंगळवार, संध्याकाळी ७:५५

लॅपटॉपवर नको हे पटलं. पण ऑफिसात बाजूला पडलेला जुना पीसी असेल, त्याला इंटरनेट न देता फक्त स्कॅनसाठी ठेवला तर काय बिघडलं? मी अजूनही म्हणेन की चालेल.

---

कॉपियरवाला_तुषार | मंगळवार, रात्री ८:३०

दोघांनी भांडायच्या आधी वैशालीताई, मशीनच्या आयपीवर ब्राउझरने जा आणि फर्मवेअरची आवृत्ती असलेल्या पानाचा फोटो टाका. काही जुन्या मशीनना नव्या फर्मवेअरने एसएमबी २ मिळतं, काहींना कधीच मिळत नाही. मिळत नसेल तर मशीनमध्ये एफटीपीचा पर्याय आहे का तेही बघा, त्यात एसएमबी लागतच नाही. पण एफटीपीत पासवर्ड उघडा जातो, तेव्हा तो दुसरीकडे कुठे वापरलेला नसावा.

---

वैशाली_कोथरूड | मंगळवार, रात्री ९:१०

ऑफिस आता बंद झालं, उद्या दहाला उघडतं. फोटो टाकते. तोवर पेनड्राइव्हवरच चालवते.